खांद्यावरचा तो हात

घरातलं वडीलधारं माणूस गेलं की पहिले काही दिवस कुणाला कशाचंच भान नसतं. दहाव्याच्या आसपास मात्र कुणीतरी हळूच विचारतं, ‘‘फोटो कुठला लावायचा?’’ आणि मग घरात शोधाशोध सुरू होते. कपाटातले अल्बम निघतात, सगळ्यांचे मोबाइल तपासले जातात आणि लक्षात येतं की, आईचा एकटीचा असा फोटोच नाही. आधार कार्डावरचा आहे, पण तो लावायला मन धजत नाही. सापडतो तो लग्नातला. चेहरा प्रसन्न, नेसलेली साडी आवडीची, डोळे अगदी आपल्याकडे बघणारे. फक्त एकच अडचण, दंडावर कुणाचा तरी हात आहे.

असंच मुलीच्या लग्नासाठी बायोडेटा पाठवताना होतं. सगळ्यात छान हसलेला फोटो नेमका मैत्रिणींबरोबरचा असतो आणि त्यात शेजारणीची चार बोटं खांद्यावर टेकलेली असतात. मग आपण काय करतो? मोबाइलवर फोटो उघडतो, त्या बाजूची कड आत ढकलतो, बोटं दिसेनाशी झाली की ‘झालं’ म्हणून मोकळे होतो. थोड्या वेळानं बघितलं तर काहीतरी खटकत राहतं. चेहरा एका कडेला चिकटलेला, दुसऱ्या बाजूला मोकळी भिंत, एक खांदा आहे आणि दुसरा अर्धाच. बघणाऱ्याला लगेच कळतं की इथं कुणीतरी होतं आणि त्याला कापून काढलंय.

फोटोतला परका हात काढायचा तर तेवढी एकच कड आत घेऊन भागत नाही. चारही कडा नव्यानं ठरवाव्या लागतात. ‘या बाईचा फोटो मुळातच असा काढला होता’ असं वाटलं पाहिजे. हे जमवायला मोठी विद्या लागत नाही. पण कुठं कापायचं आणि कुठं कापायचं नाही, हे नीट समजून घ्यावं लागतं.

हात आलाय कुठून?

कापायला बसण्याआधी मिनिटभर नुसतं बघायचं. हात माणसापासून सुटा आहे, की त्याच्या अंगावर टेकला आहे?

सुटा हात म्हणजे शेजारच्या माणसाचं कोपर, ताट धरलेला पंजा, टाळ्या वाजवणाऱ्याची बोटं. आपल्या माणसाचं अंग आणि तो हात यांच्यामध्ये थोडी तरी मोकळी जागा दिसते. हे काम सगळ्यात सोपं. त्या मोकळ्या जागेतून कड सरळ जाऊ द्यायची. दोन बोटांएवढी फट असली तरी पुरते.

दुसरा प्रकार म्हणजे पाठीमागून आलेला हात. शेजारी उभ्या असलेल्या बहिणीनं किंवा जावेनं प्रेमानं कवेत घेतलेलं असतं. ती डावीकडे उभी असेल तर तिचा हात पाठीमागून जाऊन बोटं उजवीकडच्या दंडावर उमटतात. म्हणजे माणूस एका बाजूला आणि बोटं भलत्याच बाजूला! गोंधळ होतो तो इथंच. आपण डावीकडून बाईला कापून टाकतो आणि उजवीकडे दंडाला चिकटलेली चार बोटं तशीच राहतात, मालक नसलेली. या प्रकारात दोन्ही बाजूंनी आत यावं लागतं. बोटं दंडाच्या बाहेरच्या बाजूला असतील तर काम होतं. तीच बोटं मानेजवळ, गळ्यापाशी आली असतील तर कापून ती जाणार नाहीत, कारण तिथं कड आणायची म्हणजे चेहऱ्यालाच लावायची.

तिसरा हात परका नसतो, तो आपल्याच माणसाचा असतो. आईनंच शेजारणीच्या गळ्यात हात टाकलेला असतो किंवा नातवाचं बोट धरलेलं असतं. शेजारीण कापली की आईचा हात मनगटापाशी तुटतो. याला एकच नियम. एकतर तो हात पूर्ण पंज्यासकट ठेवा, नाहीतर कोपराच्या बराच वर, दंडाच्या मधोमध कापा. मधलं काही चालत नाही.

अंग कुठं कापलं तर चालतं?

जुने स्टुडिओवाले शिकाऊ पोराला पहिल्यांदा हेच सांगायचे, की सांध्यावर कापायचं नाही. मान, कोपर, मनगट, कंबर, गुडघा, घोटा यांच्यावर नेमकी कड आली की अवयव तुटल्यासारखा दिसतो. दोन सांध्यांच्या मधे कड आली तर डोळा पुढचा भाग आपोआप धरून चालतो. दंडाच्या मधे, छातीच्या वरच्या भागात, कंबरेच्या थोडं वर किंवा मांडीच्या मध्यावर कापलेला फोटो म्हणूनच विचित्र वाटत नाही. बोटांची टोकं तेवढी कापलेली कुठंच शोभत नाहीत.

आता हे हाताच्या भानगडीला लावून बघा. परका हात कंबरेवर असेल तर खालची कड उचलून छातीपर्यंत आणायची. हात दंडावर असेल तर दोन्ही बाजूच्या कडा दंडांच्या आत घ्यायच्या. दोन्ही खांदे थोडे थोडे कापले गेले तर ते जवळून काढलेलं छायाचित्र वाटतं. एक खांदा पूर्ण आणि दुसरा निम्मा राहिला तर मात्र कापल्याचं उघड होतं. म्हणून एका बाजूला जितकं कापाल जवळजवळ तितकंच दुसऱ्या बाजूलाही कापायचं. नाकाच्या रेषेपासून दोन्ही कडांचं अंतर सारखं आहे ना, एवढं पाहिलं तरी पुष्कळ झालं.

याला एक अपवाद आहे. चेहरा किंचित एका बाजूला वळलेला असेल तर ज्या बाजूला नजर आहे तिकडे थोडी जास्त जागा ठेवावी लागते, नाहीतर माणूस भिंतीकडे तोंड करून बसल्यासारखं वाटतं. परका हात पाठीच्या बाजूला असेल तर तिकडून खुशाल कापा. तो नजरेच्या बाजूला असेल तर हात आखडता घ्यावा लागतो. तिथं काम अवघड आहे, हे आधीच समजून असावं.

बाजू आत आल्या की वरची कडही खाली आली पाहिजे. नाहीतर अरुंद चौकटीत डोक्यावर मोठी रिकामी जागा उरते आणि चेहरा विहिरीत बसल्यासारखा दिसतो. अंदाज सोपा आहे. फोटोच्या उंचीचे मनानेच तीन सारखे भाग करा आणि डोळे वरच्या भागाच्या शेवटाला, म्हणजे वरून एक तृतीयांशावर येतील असं बघा. डोक्यावर थोडीशी जागा राहतेच. डोक्यावर पदर असेल तर तो पूर्ण दिसू द्या, पदराची कड कापू नका.

एका फोटोची छाटणी

हे सगळं प्रत्यक्षात कसं होतं ते एका फोटोवरून सांगते. आमच्या ओळखीच्या एका ताईंची आई गेली. आईचा बरा फोटो म्हणाल तर भाच्याच्या लग्नातला, भाच्यानं स्वतःच्या मोबाइलवर काढलेला. आडवा फोटो, त्यात चौघी बायका मांडीपर्यंत दिसणाऱ्या. आई डावीकडून दुसरी. तिच्या डावीकडे मोठी मावशी, तिनं आईला पाठीमागून धरलेलं, त्यामुळे मावशीची चार बोटं आईच्या उजवीकडच्या दंडावर. उजवीकडे उभ्या असलेल्या काकूंच्या हातात ओवाळणीचं ताट, त्यांचा पंजा आईच्या कंबरेजवळ घुसलेला. थोडक्यात, वर सांगितलेले दोन्ही परके हात एकाच फोटोत.

ताई आधी मोबाइलवरच्या ग्रुपवर आलेला फोटो घेऊन स्टुडिओत गेल्या. स्टुडिओवाल्या दादांनी तो संगणकावर उघडला आणि म्हणाले, ‘‘ताई, हा नाही चालायचा. ज्यानं काढलाय त्याच्या मोबाइलमधला मूळ फोटो मागवा.’’

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मोबाइलचा फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी असते, त्या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. भाच्याच्या मोबाइलमधला मूळ फोटो ४००० ठिपके रुंद आणि ३००० ठिपके उंच होता. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीनं फोटो पाठवला की तो हलका करून पाठवला जातो. ग्रुपवर आलेल्या फोटोची रुंदी १६०० ठिपके उरली होती. पूर्ण फोटो बघताना हा फरक कळतही नाही. पण चौघींपैकी एकीचा चेहरा वेगळा काढायचा म्हणजे फोटोचा छोटासा तुकडाच घ्यायचा. तेव्हा ठिपके पुरत नाहीत. भाच्याला सांगून मूळ फोटो ‘Document’ म्हणून मागवला, कारण तसा पाठवला की तो जसाच्या तसा येतो.

मग दादांनी सुरुवात केली. सगळ्यात आधी आईच्या नाकावरून एक उभी रेषा धरली. उजवीकडे मावशीची बोटं या रेषेपासून साधारण ३७० ठिपक्यांवर सुरू होत होती. म्हणून उजवी कड ३५० वर घेतली, बोटांच्या थोडी आत. डावीकडे मावशीचा खांदा ४०० ठिपक्यांवर होता, म्हणजे तिकडे जास्त जागा मिळत होती. पण दादांनी ती घेतली नाही. डावीकडेही ३५० वरच कापलं. ‘‘दोन्ही दंड सारखे आत गेले पाहिजेत, नाहीतर उजवीकडे काहीतरी लपवलंय असं वाटतं,’’ ते म्हणाले. अशी रुंदी ठरली ७००.

आता उंची. ती मनाला येईल तशी ठेवून चालत नाही, कारण फ्रेमची मापं ठरलेली असतात. ८ बाय १० इंचाच्या प्रमाणात कापलं तर ७०० रुंदीला उंची ८७५ येते. तसं करून पाहिलं तर खालची कड नेमकी मंगळसूत्राच्या वाट्यांवरून गेली. अर्ध्या वाट्या आत, अर्ध्या बाहेर. ताई लगेच म्हणाल्या, ‘‘दादा, वाट्या दिसू देत ना.’’ दादांनी ५ बाय ७ चं प्रमाण घेतलं. तेवढ्याच रुंदीला उंची ९८० झाली, वाट्या पूर्ण आत आल्या, खाली थोडं पदराचं काठही दिसलं. काकूंचा ताटवाला पंजा कंबरेजवळ होता, तो खालच्या कडेच्या बराच खाली राहिला. त्याच्यासाठी वेगळं काही करावंच लागलं नाही. डोळे वरून एक तृतीयांशावर बसवले, डोक्यावर बोटभर जागा सोडली, आणि फोटो तयार झाला. गळ्यातलं असो, ब्रोच असो की साडीचा काठ, तो एकतर पूर्ण आत घ्या नाहीतर स्पष्ट बाहेर ठेवा. अर्धवट कापलेल्या दागिन्यावर नजर अडकते.

कललेली मान

तरीही एक गोष्ट राहिली होती. कवेत घेतलेलं माणूस नकळत त्या बाजूला झुकतं. चौघींच्या फोटोत आईची मान मावशीकडे कललेली गोड वाटत होती. मावशी गेल्यावर तीच मान उगाचच वाकडी दिसायला लागली.

दादांनी कापण्याच्या चौकटीतच फोटो अगदी थोडा फिरवला, तीन अंश. बघणाऱ्याला कळणारही नाही इतका. मान जवळजवळ सरळ झाली. यात दोन गोष्टी सांभाळायच्या असतात. फिरवल्यानं पाठीमागचा खांब, दार, पडद्याची दांडी तिरकी होते. चौकट अरुंद असेल तर मागचं फारसं दिसतच नाही, म्हणून खपून जातं. मागं स्पष्ट उभी रेषा असेल तर मात्र फिरवू नये. दुसरं म्हणजे फिरवताना खांद्यांकडे बघायचं. मान सरळ करण्याच्या नादात एक खांदा घसरलेला दिसायला लागला तर दोन पावलं मागं यायचं. थोडी कललेली मान माणसाचीच असते, तिनं काही बिघडत नाही.

फिरवायचं असेल तर ते आधी करायचं आणि कडा नंतर ठरवायच्या. कारण फिरवल्यावर कोपरे कापले जातात आणि आधी मोजूनमापून ठेवलेल्या कडा हलतात. बोटाचं टोक पुन्हा आत डोकावतं ते बहुतेक वेळा यामुळेच.

केवढा मोठा करायचा?

भिंतीवर मोठा फोटो लावावा असं प्रत्येकाला वाटतं. ताईंच्या भावाचं म्हणणं होतं की ८ बाय १२ चा करू. इथं थोडा हिशेब करावा लागतो, आणि तो घरी पाटीवरही करता येतो. कापलेल्या फोटोची रुंदी ठिपक्यांत घ्या आणि तिला छपाईच्या इंचांनी भागा. एका इंचात ३०० ठिपके आले तर छपाई उत्तम, २०० आले तरी चांगली. भिंतीवर चार हात लांबून बघायचा असेल तर १५० च्या आसपासही निभावतं. शंभरच्या खाली गेलं की चेहरा पुसट होतो, पापण्या आणि केस लोण्यासारखे दिसतात.

आपल्या फोटोत रुंदी ७००. आठ इंचाला भागलं तर इंचाला ८७ ठिपके, म्हणजे फोटो पुसट येणार. पाच इंचाला भागलं तर १४०, म्हणजे चालण्यासारखा. आणि ग्रुपवर आलेला फोटो वापरला असता तर? त्यात हीच चौकट फक्त २८० ठिपके रुंद झाली असती, पाच इंचाला इंचाला ५६. म्हणूनच दादांनी तो परत केला होता.

मग भावाची हौस कशी भागवायची? फोटो ५ बाय ७ चाच छापला आणि ८ बाय १० च्या फ्रेममध्ये बसवला. चारही बाजूंना दीड-दीड इंचाचा पांढरट माउंट, म्हणजे जाड कागदाची पट्टी. भिंतीवर फ्रेम मोठी दिसली आणि आतला चेहरा स्पष्ट राहिला. माउंट आणि फ्रेमची पट्टी फोटोच्या कडेवर थोडी चढते, काही मिलिमीटर झाकते. त्यामुळे डोक्यावरची जागा अगदी काठोकाठ ठेवू नये. छापताना चांगली दिसणारी जागा फ्रेममध्ये गेल्यावर नाहीशी होते आणि केस पट्टीला टेकतात.

जुन्या अल्बममधला फोटो असेल तर

मोबाइलच्या आधीच्या काळातला कागदी फोटो असेल तर कात्री अजिबात लावायची नाही. पूर्वी स्टुडिओत एक साधी युक्ती असायची. जाड कागदाच्या काटकोनात कापलेल्या दोन पट्ट्या घ्यायच्या, सुताराच्या गुण्यासारख्या. त्या फोटोवर समोरासमोर ठेवल्या की मधे चौकट तयार होते. पट्ट्या मागंपुढं सरकवत बोटं कुठं जातात, खांदे कुठं कापले जातात, डोळे कुठं येतात ते निवांत बघता येतं. जुन्या पत्रिकेच्या पुठ्ठ्यातून या पट्ट्या घरी कापता येतात. मोबाइलच्या छोट्या पडद्यापेक्षा हे मला आजही सोपं वाटतं.

चौकट ठरली की तो फोटो स्टुडिओत स्कॅन करून घ्या. वरून मोबाइलनं फोटोचा फोटो काढला तर चकाकी येते आणि कडा वाकड्या होतात. घरात त्या फोटोची निगेटिव्ह सापडली तर तीच द्या, तिच्यातून बारीक तपशील जास्त मिळतो. पण सात-आठ जणांच्या पोस्टकार्डाएवढ्या फोटोत चेहराच हरभऱ्याएवढा असेल तर त्यातून भिंतीवरचा फोटो होत नाही. तो पाकिटात ठेवण्याएवढा छान होईल, त्यावर समाधान मानावं.

कापून जाणार नाही असा हात

काही हात कापून जातच नाहीत. बोटं गळ्याशी आली आहेत, शेजारणीचा दंड छातीवरून आडवा गेलाय, किंवा नातवानं आजीच्या गालाला गाल लावून मानेभोवती मिठी मारली आहे. अशा वेळी चौकट कितीही हलवली तरी काहीतरी उरतंच. स्टुडिओत रंगवून हात पुसता येतो, पण त्या जागी साडीचा काठ, दागिना, खांद्याची गोलाई नव्यानं बनवावी लागते. ती मूळची नसते, आणि घरच्या माणसांच्या डोळ्यांना ते जाणवतं. बायोडेटाचा फोटो असेल तर एवढा उपद्व्याप करूच नये. मुलगी घरातच आहे. सकाळच्या उजेडात खिडकीजवळ उभी करून नवा फोटो काढावा. उभा, पायापर्यंतचा फोटो हवा असेल आणि मैत्रिणीचा हात कंबरेवर असेल, तरी हाच उपाय.

गेलेल्या माणसाचा नवा फोटो निघत नाही. तेव्हा कधीकधी हात ठेवणंच बरं. पण ठेवायचा तर पूर्ण ठेवायचा, मनगटासकट, बांगड्यांसकट, आणि तो कुणाचा आहे ते कळेल इतका. नुसती अर्धी बोटं आगंतुक दिसतात. पूर्ण हात दिसला की तो सोबतीचा वाटतो.

ताईंच्या घरी तेराव्याला मोठी मावशी आली. हार घातलेल्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, ‘‘हा आपल्या लग्नातलाच गं. इथं माझा हात होता.’’ आणि तिनं फ्रेमच्या काचेवर, आईच्या दंडाच्या बाजूला बोट ठेवलं. घरातल्या कुणालाच काय बोलावं ते सुचेना. आई आणि मावशीचा एकत्र असा तो शेवटचा फोटो होता, हे तोवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताई पुन्हा स्टुडिओत गेल्या. या वेळी दादांनी त्याच मूळ फोटोतून दुसरी चौकट काढली, आडवी. त्यात आई आणि मावशी दोघीच. उजवीकडची कड मावशीच्या बोटांच्या थोडी पलीकडे, म्हणजे आईच्या दंडावरचा हात पूर्ण दिसेल अशी. त्यापलीकडच्या काकू गेल्या. खालची कड छातीपाशी, म्हणजे ताट धरलेला पंजा पुन्हा बाहेरच. मानही फिरवली नाही, कारण जिच्याकडे ती कलली होती ती आता शेजारी होती. तो फोटो मावशीच्या घरी आहे.

हे करता आलं, कारण मूळ फोटो शाबूत होता. भाच्याच्या मोबाइलमध्ये त्याच फोटोवर कापाकापी झाली असती तर मावशीचा हात कदाचित कायमचा गेला असता. म्हणून कापायच्या आधी प्रत काढायची, हे विसरू नका. आणि घरात पुढचं कार्य निघेल तेव्हा चौघी-पाचजणींचा फोटो काढून झाला की, घरातल्या मोठ्या बाईला दोन मिनिटं एकटीला खुर्चीवर बसवा, पदर नीट करा आणि तिचा एकटीचा फोटो काढून ठेवा. ‘‘माझा कशाला गं?’’ असं ती म्हणेल. म्हणू द्या.

मोबाइलवर करताना

- फोटो ज्याच्या मोबाइलनं काढला त्याच्याकडूनच मागवा. व्हॉट्सॲपवर तो ‘Document’ म्हणून पाठवायला सांगा.

- आधी फोटोची प्रत करा आणि प्रतीवरच काम करा. ‘Edit’ आणि मग ‘Crop’ या क्रमानं चौकट उघडते. कामं झाल्यावर ‘Save copy’ असा पर्याय दिसला तर तोच निवडा.

- फिरवायचं असेल तर आधी फिरवा. मग दोन्ही बाजू, मग खालची कड आणि शेवटी वरची.

- फ्रेमचं माप आधी ठरवा. यादीत हवं ते प्रमाण नसेल तर थोडं सैल कापून ठेवा आणि शेवटचं माप स्टुडिओवाल्याला करू द्या.

- झाल्यावर फोटो मोठा करून चारही कडांवरून एकदा सावकाश नजर फिरवा, घड्याळाच्या काट्यासारखी. बांगडीची चकाकी, नखाचं टोक, परक्या साडीचा काठ बहुतेक कडेलाच राहून गेलेला असतो. मग मोबाइल उलटा धरून बघा. चेहरा ओळखीचा वाटेनासा झाला की कडेचं उरलंसुरलं पटकन दिसतं.